मौनाची घंटा

गल्लीच्या तोंडाशी दोन खुर्च्यांचं केशकर्तनालय होतं. समोर आरसा, पाठीमागे आरसा, आणि मधे उभा राहून सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बडबडणारा मालक. लोक त्याला रेडिओ म्हणायचे. रेडिओला निदान बंद करायचं बटण असतं, याला तेही नाही, असं गिऱ्हाइकं तोंडावर सांगायची आणि तरी त्याच्याकडेच यायची. समोरच्या चौकात थंड हवेची मशीन लावलेलं नवं सलून झालं, तिथे मुलगे कानात तारा खुपसून मुकाट केस कापतात. तिथे जाऊन आलेला माणूस दुसऱ्या खेपेला परत रेडिओकडे. केस काय कुणीही कापेल हो, पण पुढे काय झालं ते कोण सांगणार?

त्याची गंमत अशी, की तो गोष्ट कधी एका बैठकीत संपवायचा नाही. गिऱ्हाइकाच्या मानेवरचे केस झटकले की म्हणायचा, बाकीची पुढच्या खेपेला. धंद्याची युक्ती होती आणि खोडही होती. घरीही तसंच. बायको पोळ्या लाटतेय, हा दाराच्या चौकटीला टेकून सांगतोय, आणि ऐन रंगात आल्यावर अंघोळीला निघून जातोय. ती लाटणं उगारून म्हणायची, पुरी सांगा नाहीतर जेवायला मिळणार नाही.

बायकोला तो सरकार म्हणायचा. सरकार बाई बोलायला कमी, पण हुकूम चालायचा तिचाच. तिचा चातुर्मास म्हणजे घरातला दुसरा कायदा. आषाढातली एकादशी जवळ आली, की दोन दिवस आधी घरातला कांदा-लसूण खाऊन संपवायचा. कांद्याची भजी, कांद्याची थालीपिठं, सगळ्या गल्लीला वास. मग टोपली धुऊन पालथी घालायची ती थेट कार्तिकातल्या एकादशीपर्यंत. वांगंही त्यातच गेलं. देव झोपलाय तोवर आपणही जिभेला जरा झोपवायचं, असं तिचं म्हणणं. शिवाय महिन्यामहिन्याची वेगळी पथ्यं: पहिल्या महिन्यात पालेभाजी नाही, दुसऱ्यात दही नाही, तिसऱ्यात दूध नाही, चौथ्यात डाळ नाही, म्हणजे तूर, मूग, हरभरा, जे फुटून दोन दळं होतात ते सगळं बंद. आणि हे महिने ती कॅलेंडरवरच्या पहिल्या तारखेने तर सोडाच, पाडव्यानेही मोजायची नाही. एकादशी ते एकादशी. व्रत धरलं एकादशीला, तर महिनाही तिथूनच फिरणार, हे तिच्या सासूने सांगितलेलं आणि तिने कधी मोडलं नाही. एक महिना संपला, की सोडलेली वस्तू आधी दुसऱ्याला द्यायची, मगच आपल्या तोंडात. दह्याचा महिना संपला, की दह्याचं भांडं आधी खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या घरी जायचं.

या काकू दर चातुर्मासात रोज दुपारी चार बायका जमवून पोथी वाचायच्या, म्हणून त्यांना सगळे पोथीवाल्या काकू म्हणायचे. नियमाचा कीस काढावा तर त्यांनीच.

सरकार बाईने एका वर्षी या सगळ्यावर आणखी एक व्रत घेतलं. जेवताना मौन. पानावर बसल्यापासून हात धुवेपर्यंत शब्द काढायचा नाही. रेडिओने विचारलं, हे कशासाठी? ती म्हणाली, घरात एकाने तरी गप्प बसायला नको का? आणि पदराने तोंड झाकून हसली. मौनात काही हवं झालं, तर ती बोटातल्या अंगठीने पितळी पेल्यावर वाजवायची. एकदा वाजवलं की पाणी. दोनदा वाजवलं की पोळी. तीनदा म्हणजे पुरे. अडीच वर्षांची नात तिच्या मांडीला मांडी लावून बसायची आणि प्रत्येक टक्‌टक्‌ला खुदकन हसायची. तिला सगळे चिमणी म्हणत. उठल्यापासून चिवचिव, झोपेतही चिवचिव. आजोबांवर गेलीये, असं सून कौतुकाने आणि जरा धास्तीने सांगायची.

मौनाचं व्रत पुरं झालं की घंटा दान करायची असते. ज्याने जे सोडलं त्याच्या उलटं द्यायचं. जमिनीवर झोपलेल्याने गादी द्यावी, गप्प राहिलेल्याने घंटा. सरकार बाईने महिनाभर आधीच घंटा आणून ठेवली होती, लहानशी, हाताची. फडक्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यात.

ती घंटा डब्यातच राहिली. शेवटचा महिना, डाळीचा. एकादशीला दोनच दिवस उरले होते, नवमीचा दिवस, दुपारचं जेवण. रेडिओ त्या दिवशी भलताच रंगात होता. दुकानात झालेला किस्सा सांगत होता. एका गिऱ्हाइकाने चार महिने दाढी न करण्याचं व्रत घेतलेलं, आणि ते विसरून भला माणूस येऊन खुर्चीत बसला. अर्ध्या गालावरून वस्तरा फिरला तेव्हा त्याला आठवण झाली. ताडकन उठला, अर्धी दाढी साफ, अर्धी फेसात, आणि तसाच गळ्यातला कपडा घेऊन रस्त्यावर. आणि मग, रेडिओ म्हणाला, आणि मग काय झालं...

तेवढ्यात पेला वाजला. एकदा नाही, दोनदा नाही, तीनदाही नाही. दोनदा भरभर, जरा थांबून एकदा सावकाश. टक्‌टक्‌, टक्‌. ही खूण आधी कधी झाली नव्हती. रेडिओला वाटलं, पाणीही हवंय आणि पोळीही. म्हणून गोष्ट तिथेच टाकून तो उठला. आतून तांब्या घेऊन आला तोवर सरकार बाई पानावर कलंडली होती. हात पेल्याजवळ. चिमणी शेजारी बसून तिच्याकडे बघत होती.

झटक्याने गेली, डॉक्टर म्हणाले, कुणी काही करू शकलं नसतं. पण रेडिओच्या मनाने घेतलं, की ती खूण म्हणजे मदतीची हाक होती. छातीत कळ आली आणि तरी बाईने मौन मोडलं नाही, पेला वाजवला, आणि आपण पाणी आणायला गेलो. एकादशी आली ती सुतकात. सुतकात कसलं दान आणि कसलं उद्यापन. नंतर तर घंटेची आठवणही कुणाला राहिली नाही.

चिमणी त्या दुपारपासून बोलली नाही.

कान तपासले, घसा तपासला. सगळं ठणठणीत. पोरीने डोळ्यांदेखत पाहिलंय, वेळ द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. वेळ दिला. हिवाळा गेला, उन्हाळा गेला. पोर खेळायची, जेवायची, पडली तर रडायचीही, पण ओठ घट्ट मिटून, डोळ्यांतून नुसतं पाणी. हसायची तेव्हा खांदे हलायचे आणि आवाज नाही. तिच्याशी बोलून बोलून रेडिओचा घसा बसायचा. सून, जी मुळात शहाणी आणि शांत, ती एकदा भांडी घासताना मोठ्याने रडली.

मग पुन्हा आषाढातली एकादशी आली. या वर्षी घरात कुणी काही सोडलं नाही. सोडणारीच नव्हती. दुसऱ्या दिवशी द्वादशीला सुनेने पालकाची भाजी केली. चिमणीने आपलं ताट पुढ्यात ओढलं, पालक बोटाने कडेला सारला, आणि हातातल्या चमच्याने पेल्यावर एकदा वाजवलं.

सून पोळी भाजत होती, ती तशीच थांबली. रेडिओने पाणी ओतलं. पोर प्यायली. थोड्या वेळाने दोनदा. सुनेने पोळी वाढली. मुलगा म्हणाला, त्यात काय, आजीला बघितलंय तिने, नक्कल करतेय. मुलगा छापखान्यात कामाला. जे दिसतं ते छापावं, अशा वळणाचा. पटण्यासारखं होतं. मुलं माकडासारखी नक्कल करतात. सगळ्यांनी मान डोलावली आणि पोळी संपवली.

पण मेथी केली, ती सारली. चुका केला, सारला. दुधी, भेंडी, बटाटा मुकाट्याने खाल्ला. दही तर तिचा जीव की प्राण, वाटी वाटी ओरपायची. आणि श्रावणातल्या एकादशीच्या दुसऱ्या दिवशी तिने पालकाची भाजी ताटात ओढली, पहिला घास आईच्या तोंडात घातला, मग आपण खाल्ला, आणि दह्याची वाटी दूर ढकलली.

ही सासूबाईंचीच पथ्यं, असं सुनेच्या मनात आलं होतं, पण कॅलेंडर बघून ती सुस्कारा टाकून म्हणाली, नाही हो बाबा, भाद्रपद लागायला अजून खूप अवकाश आहे, हा योगायोगच. रेडिओ काही बोलला नाही, आणि हीच मुळात नवलाची गोष्ट. त्याला माहीत होतं. सरकार पाडव्याने मोजत नव्हती. एकादशी ते एकादशी. हे सुनेलासुद्धा ठाऊक नव्हतं, मग तीन-सव्वातीन वर्षांच्या पोरीला कुणी सांगितलं?

त्या काळात दुकानही ओस. चातुर्मासात निम्मी गिऱ्हाइकं दाढी वाढवायची, नेहमीचंच होतं ते. रेडिओ दरवर्षी त्यांना रस्त्यात गाठून चिडवायचा, काय साधूमहाराज, कार्तिकात दर्शन द्या. या वर्षी तो रिकाम्या खुर्चीत बसून राहायचा. सुनेला घरकाम उरकू द्यावं म्हणून चिमणीला दुकानात आणायचा आणि दुसऱ्या खुर्चीत फळी टाकून तिच्यावर बसवायचा. पुढचा आरसा, मागचा आरसा, त्यामुळे चिमण्यांची रांग लागायची, लहान लहान होत जाणारी. एकदा एक गिऱ्हाईक हजामतीला बसलं होतं. चिमणीने फेसाच्या वाटीवर ब्रशच्या दांडीने वाजवलं, एकदा. रेडिओने तिला पाणी दिलं. ते गिऱ्हाईक आरशात बघत होतं. उठून पैसे देताना हळूच म्हणालं, ती शेवटची मुलगी आधी वाजवत होती. कोणती शेवटची? आरशातली हो, ती अगदी मागची. आणि हसलं, जणू गंमतच केली. पुन्हा मात्र आलं नाही.

रेडिओने मागचा आरसा उतरवला आणि भिंतीकडे तोंड करून ठेवला.

दह्याचा महिना संपला आणि चिमणीने एक केलं, ज्याने सुनेचं अवसान गळालं. भाद्रपदातल्या एकादशीनंतरच्या सकाळी दह्याची वाटी दोन्ही हातांत धरून ती जिना उतरली आणि काकूंच्या दारात ठेवून आली. मग घरी येऊन दही खाल्लं. आणि दुधाचा पेला सारला.

काकू तीच वाटी घेऊन वर आल्या. खाली बसल्या, पदर सावरला, आणि विचारलं, सरकारच्या मौनाची घंटा दिली होती का तुम्ही? तेव्हा सगळ्यांना आठवलं. सुनेने तांदळाच्या डब्यात हात घातला. घंटा होती, अगदी तळाशी, फडक्यात. सून म्हणाली की गेले दोन महिने तांदूळ घेताना आत काहीतरी किणकिणायचं, तिला वाटायचं डब्याची कडी.

रेडिओ घंटा घेऊन त्याच पावली देवळात गेला. पुजाऱ्याने ऐकून घेतलं आणि हात मागे घेतले. देव झोपलाय, म्हणाला, उद्यापन देव उठल्यावर. आणि व्रत पुरं झालं नसेल तर उद्यापन कसलं? अर्ध्या वाटेवर घंटा घेऊन मी काय करू? रेडिओ घंटा धोतराच्या सोग्यात बांधून परत आला. वाटेत ती वाजत होती. तो लोलक बोटांनी धरून चालला, तरी त्याला ऐकू येत होती.

काकूंनी समजावून सांगितलं. पोथीत म्हटलंय, व्रतात माणूस गेला तर त्याला फळ पुरं मिळतं. त्यामुळे सरकारचं काही अडलेलं नाही, ती सुखात आहे. पण तिची जागा रिकामी राहिली, आणि पोर त्या वेळी तिच्या मांडीला मांडी लावून बसलेली. लेकरू जाऊन बसलं त्या जागेवर. कुणाचं व्रत राहिलं तर नवरा, मुलगा, घरचं कुणीही त्याच्या बदली पुरं करू शकतं, त्याला मनाई नाही. मोठ्या माणसाने ते आपल्या अंगावर घ्यायला हवं. हातात पाणी घ्यायचं, काय सोडतो ते सांगायचं, कधीपासून कधीपर्यंत ते सांगायचं, आणि पाणी सोडायचं.

मौन? रेडिओने? मुलगा इतक्या काळजीतही हसला. रेडिओही हसला. म्हणाला, काकू, मी जेवताना बोललो नाही तर मला घास उतरत नाही. बघू, बघू. मनात त्याला वाटत होतं, पोर आहे, सुटेल आपोआप. आणि खरं सांगायचं तर त्याला भीती वाटत होती. बोलणं थांबलं की पेल्याचा आवाज ऐकू यायचा, म्हणून तो या दिवसांत आणखीच बोलायचा. असा तो महिना गेला.

मग आश्विनातली एकादशी आली. दुसऱ्या दिवशी चिमणीने दुधाचा पेला काकूंच्या दारात ठेवला. वर येऊन दूध प्यायली. ताटात वरण वाढलं होतं, ते तिने सारलं. आणि मग चमच्याने पेल्यावर दोनदा भरभर वाजवलं, जरा थांबली, एकदा सावकाश.

रेडिओचा घास हातातच राहिला.

ही खूण मागच्या वर्षी एकदाच वाजली होती. पोर आजीच्या पावलावर पाऊल टाकत चालली होती, पालेभाजी, दही, दूध, डाळ, एकही पायरी न चुकवता. आणि पुढची पायरी नवमीची दुपार होती. हे सुनेच्याही लक्षात आलं, कारण तिने चिमणीला असं कवटाळलं की पोर गुदमरली. रेडिओ उठला, खरकट्या हाताने मोरीवर गेला, हात धुतले, ओंजळीत पाणी घेतलं आणि देव्हाऱ्यासमोर उभा राहिला. काकूंना बोलवावं, पुजाऱ्याला विचारावं, एवढा दम त्याला नव्हता. पाणी बोटांतून गळत होतं. तो म्हणाला,

"तिचं सोड. त्याच्या बदली माझं बोलणं घे. घे आणि ठेव."

आणि पाणी सोडलं.

त्या दुपारपासून तो मुक्याने जेवायला लागला. घरातल्यांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. पाणी हवं तर पेल्यावर एकदा, पोळी हवी तर दोनदा. डाळही सोडली. चिमणीने दुसऱ्याच दिवशी वरण-भात मागे सारायचं थांबवलं, कालवून खाल्लं. बोलली नाही, पण पेल्याला हात लावला नाही. सून देवाजवळ डोकं टेकून रडली. जेवण सोडून इतर वेळी रेडिओ बोलत होता, पूर्वीसारखाच, दुकानात, रस्त्यात. जिन्यात काकू भेटल्या तर त्यांना फुशारकीने सांगितलं, बघा, घेतलं की नाही व्रत. काकूंनी विचारलं, काय म्हणालात नेमकं? त्याने सांगितलं.

काकू कठड्याला धरून उभ्या राहिल्या.

"जेवताना, असं म्हणालात का? आणि कधीपर्यंत ते?"

"अहो, ते आलंच की त्यात," रेडिओ म्हणाला. "देव काय वकील आहे?"

सरकार बाई दरवर्षी हातातलं पाणी सोडण्याआधी तीनतीनदा घोकायची, या एकादशीपासून त्या एकादशीपर्यंत, हे काकूंनी ऐकलेलं होतं. रेडिओनेही ऐकलं होतं, पण ऐकणं हा काही त्याचा गुण नव्हता.

कार्तिकातली नवमी आली. मुलाने छापखान्यातून रजा घेतली, दाराशी रिक्षा उभी करून ठेवली, डॉक्टरला सांगून ठेवलं. माणूस भुतावर विश्वास ठेवत नाही, पण रिक्षा ठेवतो. दुपारी पानं वाढली. चिमणी आजीच्या जागेवर बसली. भात खाल्ला, भाजी खाल्ली, आणि मग महिनाभरात पहिल्यांदा चमचा उचलला. टक्‌टक्‌, टक्‌.

सून अर्धी उठली. रेडिओने हात करून तिला बसवलं. तो पाण्याला उठला नाही, पोळीला उठला नाही. मागच्या वर्षी उठलो तेच चुकलं, असं त्याला वाटत होतं. तो नातीच्या तोंडाकडे बघत बसला. चिमणीही त्याच्याकडे बघत होती, मान जरा तिरकी करून, सरकार बघायची तशी. पुन्हा वाजवलं, टक्‌टक्‌, टक्‌. तो गप्प. तिसऱ्यांदा वाजवलं, मग पोरीने खांदे उडवले, जशी एखादी बाई नवऱ्यापुढे हात टेकते, आणि पुढ्यातली पोळी खायला लागली. पान संपलं. ती उठली, हात धुतले आणि खेळायला पळाली. मुलाने रिक्षावाल्याला पैसे देऊन परत पाठवलं. सुनेने त्या दिवशी गोड केलं.

एकादशीला देव उठला. द्वादशीला सकाळी रेडिओ अंघोळ करून देवळात गेला. पुजाऱ्याने घंटा घेतली, एकदा वाजवून बघितली, नाद चांगला आहे म्हणाला. डाळीचं पुडकं आधी काकूंच्या घरी गेलं, मग घरात वरण शिजलं. सासूने मागच्या वर्षी पालथी घातलेली कांद्याची टोपली सुनेने आता कुठे उलटून जागेवर ठेवली, तिला वाटलं, सासूबाईंचं एवढं तरी करावं. रस्त्यावर दाढीवाल्यांची रीघ लागली होती, आज दुकानात पाय ठेवायला जागा नसणार. रेडिओने ठरवलं होतं, आधी जेवायचं, पोटभर बोलत जेवायचं, मग दुकान.

पानं वाढली. वरण-भातावर तूप पडलं. चिमणी आजोबांच्या मांडीला मांडी लावून बसली, त्यांचा पेला आपल्याकडे ओढला, आणि बोटाने वाजवलं, दोनदा भरभर, एकदा सावकाश.

"आजोबा," ती म्हणाली.

सुनेच्या हातातली पळी खाली पडली. वर्षाने घरात तो आवाज आला होता, जरा घोगरा, वापरात नसलेल्या कडीसारखा. मुलगा जागचा हलला नाही, हललं तर मोडेल अशा भीतीने.

"आजोबा, आजीने असं वाजवलं ना, तेव्हा तुम्ही उठून का गेलात?"

रेडिओच्या डोळ्यांतून धारा लागल्या. सून खाली बसली, पोरीचा हात धरला, आणि सांभाळून विचारलं, म्हणजे काय गं बाळा, काय हवं होतं आजीला?

"काही नको होतं," चिमणी म्हणाली. तिला या मोठ्या माणसांचं नवल वाटत होतं. "असं म्हणजे पुढे सांगा. गोष्ट सांगा पुढे. तो दाढीवाला रस्त्यावर गेला, मग काय झालं?"

एवढंच होतं. बाईला ना पाणी हवं होतं, ना मदत. तिला नवऱ्याची गोष्ट पुरी ऐकायची होती, आणि ऐन रंगात तो नेहमीसारखा उठून गेला होता. रेडिओ रडता रडता हसायला लागला. खांदे गदगदा हलत होते. सगळे त्याच्याकडे बघत होते, आता तो सांगेल म्हणून. त्याने चिमणीला मांडीवर घेतलं, डोळे पुसले, दाढीवाल्याचा चेहरा करायला अर्धा गाल फुगवला, आणि तोंड उघडलं.

सुनेला आधी वाटलं, हुंदका अडकलाय. मुलाने पाठीवर हात फिरवला, पाणी प्या म्हणाला. रेडिओ पाणी प्यायला आणि पुन्हा तोंड उघडलं. ओठ हलत होते, जीभ हलत होती, सगळं जागच्या जागी होतं. आवाज तेवढा नव्हता. त्याने देव्हाऱ्याकडे बघितलं. मग त्याच्या लक्षात आलं, आपण काय म्हणालो होतो आणि काय म्हणायचं राहिलं होतं.

पुढे डॉक्टर झाले, मोठे डॉक्टर झाले, काकूंनी विचारून विचारून उपाय केले. पुजाऱ्याने सांगितलं, ज्या व्रताला अवधी नाही त्याला उद्यापन नाही. दुकान अजून चालतं. हात तसाच सफाईचा आहे. दुसऱ्या खुर्चीत चिमणी बसते, शाळेतून आली की, आणि गिऱ्हाइकांशी अखंड बडबडते. लोक तिला रेडिओ म्हणायला लागलेत, आणि ते ऐकून आजोबांचे खांदे हलतात.

घरी मात्र तिचा एक हट्ट सुटलेला नाही. रोज जेवताना ती आजोबांच्या पेल्यावर वाजवते, दोनदा भरभर, एकदा सावकाश, आणि मान तिरकी करून वाट बघते. आजोबा तिच्याकडे बघतात. मग चमचा उचलून तेही वाजवतात, तीनदा.

पुरे.

तरी ती दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारते.